दहा दिवसांच्या सरासरीपासून भाव किती ताणला, आणि तो ताण कधी सुटत नाही

प्रश्न: मी निफ्टीत 10 दिवसांच्या मूव्हिंग ॲव्हरेजपासून भाव साडेतीन-चार टक्के खाली गेला की खरेदी करतो आणि ॲव्हरेजला टेकला की विकतो. बॅकटेस्टमध्ये भाव जवळजवळ प्रत्येक वेळी ॲव्हरेजला परत येतो. मग जोराच्या ट्रेंडमध्ये खात्यात एवढा तोटा का होतो? अशा वेळी सिग्नल चुकणार हे आधी ओळखता येतं का?

उत्तर:

दोन तारखा घेऊ. 6 मार्च 2020 ला निफ्टी 10,989 वर बंद झाला. त्या दिवशी 10 दिवसांची साधी सरासरी होती सुमारे 11,409, म्हणजे भाव सरासरीच्या 3.67 टक्के खाली. दुसरी तारीख 4 जून 2024, लोकसभेच्या मतमोजणीचा दिवस. निफ्टी 21,884 वर बंद, सरासरी सुमारे 22,722, भाव 3.68 टक्के खाली. तुमच्या नियमाने दोन्ही दिवशी खरेदी झाली असती, आणि आकडा तर दशांशापर्यंत जवळजवळ सारखाच.

जून 2024 मध्ये दोन सत्रांत काम झालं. 6 जूनला निफ्टी 22,821 वर बंद झाला आणि सरासरीच्या वर आला. त्या दोन दिवसांत सरासरी जेमतेम 12 पॉइंट खाली सरकली होती, भाव मात्र 937 पॉइंट चढला होता. मार्च 2020 मध्येही भाव सरासरीला "परत आला", पण 26 मार्चला, 13 सत्रांनी. त्या दिवशी बंद भाव होता 8,641 आणि सरासरी 8,597. तुमच्या नियमाने तिथे विक्री झाली असती आणि तोटा झाला असता 21 टक्क्यांहून जास्त. बॅकटेस्टच्या तक्त्यात मात्र या व्यवहारापुढे "सरासरीला टेकला" अशीच नोंद पडते.

तुमच्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे. अंतर दोन बाजूंनी मिटतं. भाव सरासरीकडे जातो, किंवा सरासरी भावाकडे येते. पैसे फक्त पहिल्या प्रकारात मिळतात. 6 ते 26 मार्च या काळात भाव 2,348 पॉइंट पडला आणि सरासरी 2,812 पॉइंट पडली. सरासरी भावापेक्षा वेगाने खाली आली, एवढ्याच कारणाने अंतर संपलं.

साध्या सरासरीचा हिशोब पाहिला की हे अटळ आहे हे कळतं. 10 दिवसांची सरासरी रोज किती हलते? आजचा बंद भाव आत येतो, दहा सत्रांपूर्वीचा बाहेर पडतो, आणि दोघांतल्या फरकाचा दहावा भाग म्हणजे सरासरीतला बदल. म्हणजे 6 मार्चनंतर निफ्टी 10,989 वर नुसता बसून राहिला असता, तरी नऊ सत्रांत जुने वरचे भाव एकेक करून बाहेर पडले असते आणि अंतर शून्य झालं असतं. नफाही शून्य. छोट्या सरासरीपासूनचं अंतर कधी ना कधी मिटणारच, कारण सरासरी भावातूनच बनते. त्यामुळे "भाव सरासरीला परत येतो" हे बॅकटेस्टमध्ये जवळजवळ शंभर टक्के दिसणं हा बाजाराचा गुण नाही, मोजमापाचा आहे.

हा फरक मला पुस्तकातून नाही, व्यवहारातून कळला. 28 फेब्रुवारी 2020 ला निफ्टी 11,202 वर आणि सरासरीच्या साडेपाच टक्के खाली बंद झाला. मी त्या दिवशी लाँग झालो. 5 मार्चला चार्ट पाहून मला वाटलं की आपलं बरोबर ठरतंय, कारण 648 पॉइंटांचं अंतर 249 वर आलं होतं. खात्यात मात्र नफा होता 67 पॉइंटांचा. म्हणजे अंतर 399 पॉइंट मिटलं, त्यातले 332 सरासरीने खाली येऊन मिटवले होते. ही माहिती त्या दिवशी माझ्यासमोरच होती आणि ती सांगत होती की उसळीत जीव नाही. मी अंतराचा एकच आकडा पाहत होतो. पुढच्याच सत्रात 280 पॉइंट गेले, आणि 9 मार्चला आणखी 538.

तेव्हापासून मी प्रत्येक व्यवहारात अंतरातला बदल दोन रकान्यांत लिहितो: भावाने किती मिटवलं, सरासरीने किती. तुम्हीही जुने व्यवहार असे पुन्हा मांडून पाहा. चांगल्या उसळीत पहिल्या दोन-तीन सत्रांतच भावाचा रकाना मोठा असतो. तीन सत्रं होऊनही सरासरीच काम करत असेल, तर मी सरासरी टेकण्याची वाट न पाहता बाहेर पडतो.

आता ओळखायचं कसं, या भागाकडे येऊ. पहिली सूचना बहुतेक जण देतात ती अशी की टक्क्यांऐवजी अंतराला अस्थिरतेने भागा. सूचना वाजवी आहे आणि वेगवेगळ्या शेअरची तुलना करायची असेल तर आवश्यकही आहे. शांत एफएमसीजी शेअरमधले चार टक्के आणि उड्या मारणाऱ्या स्मॉलकॅपमधले चार टक्के एक नसतात. पण आपल्या दोन तारखांवर हा उपाय चालवून पाहा. 6 मार्च 2020 पर्यंतच्या दहा सत्रांत निफ्टीचा बंद भाव रोज सरासरी 147 पॉइंट हलला होता, आणि अंतर होतं 419 पॉइंट, म्हणजे 2.9 पट. 4 जून 2024 ला रोजची हालचाल सरासरी 307 पॉइंट आणि अंतर 837, म्हणजे 2.7 पट. पुन्हा जवळजवळ सारखंच. ताण मोजायची पट्टी कितीही सुधारली तरी भाव तिथवर कोणत्या वाटेने आला हे ती सांगत नाही, आणि उत्तर त्या वाटेत आहे.

वाट पाहायला मी दोन गोष्टी मोजतो. पहिली म्हणजे सरासरीचा स्वतःचा उतार. 6 मार्च 2020 ची सरासरी पाच सत्रांपूर्वीच्या सरासरीपेक्षा 3.7 टक्के खाली होती. 4 जून 2024 ची सरासरी पाच सत्रांपूर्वीपेक्षा किंचित वरच होती, सुमारे 0.3 टक्के. पहिल्या दिवशी भाव परतणार होता तो खाली धावणाऱ्या सरासरीकडे, दुसऱ्या दिवशी जागेवर उभ्या असलेल्या सरासरीकडे.

उताराचं अंतराशी एक सरळ नातं आहे आणि ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. 10 दिवसांच्या साध्या सरासरीतल्या भावांचं वय सरासरी साडेचार दिवस असतं. बाजार रोज एकसारखा 0.8 टक्के पडत राहिला, तर भाव कायम सरासरीच्या सुमारे 3.6 टक्के खाली राहील. आजही, उद्याही, पुढच्या आठवड्यातही. अशा वेळी 3.6 टक्के म्हणजे ताण नव्हेच, तो फक्त पडण्याचा वेग आहे. आपण ज्याला ताणलेलं रबर समजतो ते प्रत्यक्षात दोरीने ओढलेलं ओझं असतं. दोरीची लांबी तेवढीच राहते आणि ओझं पुढे जात राहतं. अंतराने वेगापेक्षा काही जास्त सांगावं असं वाटत असेल, तर त्यातून उताराचा भाग वजा करून उरतं ते पाहायला हवं. 4 जूनला जवळजवळ सगळंच उरत होतं. 6 मार्चला फारसं काही उरत नव्हतं.

दुसरी गोष्ट म्हणजे हालचाल किती एकमार्गी आहे. दहा सत्रांत भाव एकूण किती सरकला, त्याला रोजच्या चढउतारांच्या बेरजेने भागायचं. याला एफिशियन्सी रेशो म्हणतात. सरळ रेषेत पडला तर उत्तर 1, नुसता जागच्या जागी हिंदकळला तर शून्याजवळ. 6 मार्च 2020 ला हा आकडा 0.74 होता. 4 जून 2024 ला 0.21. जूनमध्ये आधीच्या दिवशी एक्झिट पोलवर 733 पॉइंटांची उडी होती आणि मग एका दिवसात 1,379 पॉइंटांची पडझड. गोंधळ मोठा होता, पण दिशा नव्हती.

पांडासमध्ये हे चार ओळींचं काम आहे. `c` म्हणजे बंद भावांची मालिका:

```python
ma = c.rolling(10).mean()
gap = (c / ma - 1) * 100
slope = (ma / ma.shift(5) - 1) * 100
er = c.diff(10).abs() / c.diff().abs().rolling(10).sum()
```

माझी सवय सांगतो. सरासरी पाच सत्रांत दीड टक्क्याहून जास्त खाली आलेली असेल आणि `er` 0.5 च्या वर असेल, तर अंतर कितीही मोठं दिसलं तरी मी त्या दिवशी खरेदी करत नाही. हे आकडे निफ्टीसाठी आहेत आणि माझ्या अनुभवातून आले आहेत, ते कुठल्या सिद्धांतातून निघालेले नाहीत. तुमच्या साधनावर ते तुम्हालाच बसवावे लागतील. दोन उदाहरणं तर्क समजावतात, नियम सिद्ध करत नाहीत. तेव्हा किमान काही वर्षांच्या नोंदी घ्या, आणि त्यात एखादी मोठी पडझड असलीच पाहिजे. पडझड नसलेल्या काळावर ही पद्धत नेहमीच सुंदर दिसते.

यामागचं कारणही समजून घेतलं पाहिजे, नाहीतर आकडे आंधळे होतात. उसळी येते कारण विकणारे संपतात. 4 जूनला धक्का एकच होता. निकाल अपेक्षेपेक्षा वेगळा लागला, त्या दिवशी ज्यांना विकायचं त्यांनी विकलं, आणि दुसऱ्या दिवशी नवीन काही कळायचं उरलं नव्हतं. सरकार कोणाचं याबद्दलची धास्ती कमी होत गेली आणि भाव परत आला. मार्च 2020 मध्ये विकण्याचं कारण रोज नवं येत होतं. 5 मार्चच्या संध्याकाळी येस बँकेवर निर्बंध आले. 9 मार्चला कच्चं तेल कोसळलं. 11 मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं. त्यातच परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी त्या महिन्यात भारतीय शेअरमधून 60 हजार कोटींहून अधिक रुपये काढले. अशा विक्रेत्याला भाव स्वस्त वाटला म्हणून तो थांबत नाही, कारण त्याला पैसे परत करायचे असतात किंवा मार्जिन भरायचं असतं. भाव पडला की मार्जिन आणखी मागितलं जातं आणि त्यासाठी आणखी विकावं लागतं. म्हणजे ज्या ताणाने एरवी खरेदीदार ओढला जातो, त्याच ताणाने इथे नवा विक्रेता तयार होतो. जोराच्या ट्रेंडमध्ये उसळी फसते ती यामुळे.

फसते म्हणजे उसळी येतच नाही असं नाही. उलट सगळ्यात दांडग्या उसळ्या अशाच काळात येतात आणि म्हणून माणूस पुन्हा पुन्हा अडकतो. 13 मार्च 2020 ला निफ्टी उघडताच दहा टक्क्यांचं लोअर सर्किट लागलं, 45 मिनिटं व्यवहार थांबले, भाव 8,555 पर्यंत गेला आणि दिवस संपताना 9,955 वर होता. एका दिवसात चौदाशे पॉइंट! सरासरीपासूनचं अंतर आदल्या दिवशीच्या 12.2 टक्क्यांवरून साडेसातवर आलं. पुढच्या सत्रात बंद भाव 9,197. मग 20 मार्चला जवळपास सहा टक्के वर, अंतर 15 वरून 8 टक्क्यांवर. पुढचं सत्र 23 मार्च, निफ्टी एका दिवसात 13 टक्के खाली. दोन्ही वेळा अंतर मिटायच्या वाटेवर असताना, सरासरीला हात लागायच्या आधीच भाव पुन्हा तुटला. त्या दिवसांत सरासरीला टेकेपर्यंत थांबण्याचा नियम ठेवणाऱ्याला मिळालेली उसळीही हातात ठेवता आली नाही. म्हणून उतार तीव्र असताना कोणी उसळी खेळणारच असेल, तर त्याने विक्रीची खूण सरासरीवर ठेवू नये. तिथे एक सत्र हाच पुष्कळ काळ असतो.

तुमच्या बॅकटेस्टमध्ये म्हणून दोन बदल करा. यश मोजताना "सरासरीला टेकला का" हा रकाना काढून टाका आणि खरेदीपासून ठरावीक सत्रांनंतरचा, समजा पाच सत्रांनंतरचा, नफा-तोटा टक्क्यांत लिहा. मग त्याच नोंदी उतारानुसार दोन गटांत विभागा: सरासरी सपाट किंवा चढती असतानाच्या खरेद्या एकीकडे, जोरात उतरती असतानाच्या दुसरीकडे. सगळ्यांची मिळून सरासरी काढली तर पहिल्या गटातले बरेच छोटे नफे दुसऱ्या गटातले थोडे पण प्रचंड तोटे झाकून टाकतात. वेगळे केले की कुठल्या गटात जायचंच नाही हे दिसतं. 200 दिवसांच्या सरासरीची बाजूही नोंदवा. 4 जून 2024 चा बंद भाव तिच्या वर होता, 6 मार्च 2020 चा खाली. पण ही खूण फार संथ आहे. पडझड वरून सुरू होते तेव्हा पहिले काही दिवस ती गप्पच असते.

वरच्या बाजूला हाच खेळ शॉर्टचा आहे आणि तो जास्त घातक आहे. खाली पडणाऱ्या भावाला शून्याची मर्यादा असते, वर जाणाऱ्याला नसते. अमेरिकेतल्या गेमस्टॉप शेअरचा 22 जानेवारी 2021 चा बंद भाव, नंतरच्या स्प्लिटच्या आधीच्या हिशोबाने, 65 डॉलर होता आणि तो 10 दिवसांच्या सरासरीच्या 85 टक्के वर होता. एवढा ताण कधी टिकतो का, असं म्हणून त्या दिवशी शॉर्ट करणाऱ्याने तीन सत्रांनी, 27 जानेवारीला, 347 डॉलरचा बंद भाव पाहिला. तेव्हा तो सरासरीच्या चौपट होता. कारण पुन्हा तेच होतं. अडकलेल्या शॉर्टवाल्यांना भाव कितीही महाग असला तरी खरेदी करावीच लागत होती. तिथेही सरासरी आधीपासून उभी चढत होती.

शेवटी या चाळणीची किंमत सांगतो, कारण ती फुकट नाही. 23 मार्च 2020 ला निफ्टी 7,610 वर बंद झाला, सरासरीच्या 17 टक्के खाली. उतार पाच सत्रांत उणे 13 टक्के, `er` 0.66. माझ्या नियमाने खरेदी पूर्ण बंद. आणि बंद भावाच्या हिशोबाने तोच तळाचा दिवस ठरला. तीन सत्रांत भाव 1,031 पॉइंट चढला, सरासरी 574 पॉइंट उतरली, आणि अंतर मिटलं. म्हणजे यावेळी खरं काम भावाने केलं, आणि साडेतेरा टक्क्यांचा तो नफा चाळणी लावणाऱ्याला मिळाला नाही. पण 23 मार्चला समोर दिसणारे आकडे 18 मार्चच्या आकड्यांपेक्षा वेगळ्या जातीचे नव्हते. 18 ला अंतर जवळपास 16 टक्के होतं आणि तिथून तीन सत्रांत निफ्टी आणखी दहा टक्के पडला. अंतर, उतार आणि `er` या तीन आकड्यांवरून या दोन दिवसांतला फरक मला त्या वेळी सांगता आला नसता, आजही येणार नाही.